फोटोखालची ओळ

एक जूनला सकाळपासून आईचा मोबाइल वाजायला लागतो. बँकेचा शुभेच्छांचा निरोप, विमा कंपनीचा निरोप, चष्म्याच्या दुकानाचाही. नातवंडं केक आणतात, आई तो कापते, सगळ्यांना भरवते आणि मग ठरलेलं वाक्य म्हणते, “गुरुजींनी दिलेली तारीख आहे ही, माझी नव्हे.” लहानपणी आम्हाला ते वाक्य कळायचं नाही. पुढे कळलं की आमच्या दोन आत्या, शेजारच्या काकू, भोरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या मावशी, या सगळ्यांचे वाढदिवस एक जूनलाच. शाळा जूनमध्ये भरायची. गुरुजी वाडीवाडीवरून मुलं गोळा करायचे. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता आला की मूल सहा वर्षांचं झालं असं धरायचे, आणि वय मागे मोजून एक जून ही तारीख टाकून मोकळे व्हायचे. कोणालाच खरी तारीख ठाऊक नसल्यामुळे कोणाची तक्रारही नसायची.

आईला मात्र ती तारीख आपली वाटली नाही. तुझी खरी तारीख कोणती, असं विचारलं की ती म्हणायची, “आवणीतली आहे मी.” आवणी म्हणजे भाताची लावणी. एवढ्यावर विषय संपायचा, कारण तिला कुकर लावायचा असायचा आणि आम्हाला शाळेला उशीर झालेला असायचा.

आईचं माहेर वेल्हे तालुक्यात, कानंद खोऱ्यात, तोरण्याच्या पायथ्यापासून केळदकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला. सासर वेळवंड खोऱ्यात, भाटघरच्या पाण्याच्या काठी. पुढे वडिलांच्या नोकरीपायी भोरला बिऱ्हाड झालं. नकाशात पाहिलं तर ही दोन खोरी अगदी शेजारी आहेत. मधे फक्त राजगड आणि तोरण्याची रांग उभी. पण आईच्या तरुणपणी ही रांग ओलांडायची म्हणजे पायी जायचं, नाहीतर नसरापूरला उतरून दोन गाड्या बदलायच्या. आजी होती तोवर आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे जायचो. आजी गेली आणि जाणं हळूहळू आटलं. भांडण नाही, अबोला नाही. नुसतं राहत गेलं. मग या वैशाखात मामाचा फोन आला. जुनं घर पाडायचं ठरलं होतं. “आक्काचे गुडघे काही तिला येऊ देणार नाहीत,” तो म्हणाला, “तू तरी येऊन बघून जा.”

चेलाडी फाट्याला महामार्ग सोडला की पूर्वी पोटात गोळा यायचा इतका तो रस्ता वळणांचा आणि खड्ड्यांचा होता. आता तो रुंद झाला आहे. मार्गासनी, विंझर, वेल्हे ही गावं पटापट मागे पडतात. जागोजागी शेतघरांच्या पाट्या, प्लॉटच्या पाट्या, मढे घाटाकडे धबधबा बघायला जाणाऱ्यांसाठी जेवणाच्या पाट्या. तालुक्याचं नावही आता राजगड झालं. वेल्ह्याच्या पुढे तोरणा डावीकडे वर चढत जातो आणि त्याची बुधला माची दिसायला लागते, तेवढं मात्र तसंच होतं. मी गाडीची काच खाली केली. जळक्या पाल्याचा वास आत आला आणि माझ्या लक्षात आलं की हे राब भाजायचे दिवस आहेत.

मामा खाचरातच सापडला. भाताचं रोप जिथे तयार करायचं तो जमिनीचा तुकडा आधी भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. तळाला शेणखताचा आणि गोवऱ्यांचा चुरा पसरायचा. त्यावर कवळं, म्हणजे झाडाच्या पाल्यासकट तोडून वाळवलेल्या बारीक फांद्या. त्यावर गवत आणि पातेरा. सगळ्यात वर बांधावरची बारीक माती हलक्या हाताने भुरभुरायची, म्हणजे पाला उडत नाही आणि जाळ एकदम भडकत नाही. पेटवायचं ते वारा जिकडे जातो त्या टोकाकडून. मग आग वाऱ्याच्या उलट दिशेला सरकत, रांगत येते आणि तिची ऊब मातीत उतरते. वाऱ्याच्या बाजूने पेटवलं तर जाळ वरच्यावर पळून जातो. पाला जळतो, पण माती कच्ची राहते. कच्च्या राबात पाऊस पडल्यावर भातापेक्षा तणच आधी उगवतं आणि रोप पिवळं पडतं. मामाने पायाने राख बाजूला करून मला खालची माती दाखवली. भाजलेली माती मोकळी, भुसभुशीत झाली होती आणि तिचा रंग बदलला होता. “आता खताची पिशवी आणून टाकतात आणि काम उरकतात,” तो म्हणाला, “मी आपला घरच्या आंबेमोहरापुरता राब करतो.”

बांधावर एक बाई बसली होती. नऊवारी, कपाळाला गोंदण, हातात दात तुटलेली फणी. मामीने ओळख करून दिली, ही शेजारची मावशी, तुझ्या आईची जोडीदारीण. लग्न होऊन पलीकडच्या वाडीवर गेली होती, पण काही वर्षांतच परत माहेरी आली आणि इथेच राहिली. मावशीने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पहिलंच वाक्य बोलली ते असं, “तुझी आय ऐनावर चढायची, म्हाईत हाय का तुला?”

मला माहीत नव्हतं. आम्हाला पेरूच्या झाडावर दोन पावलं चढू न देणारी, जिन्यावरून उतरताना कठडा धरायला लावणारी आई ऐनाच्या झाडावर चढायची? राबाला ऐनाची कवळं सगळ्यात चांगली, ती भरपूर मिळतात आणि जळून छान राख होते. ती तोडायचं काम पुरुषांचं. झाडावर चढून कोयत्याने बारीक फांद्या उतरवायच्या आणि बायकांनी खाली त्यांचे भारे बांधून डोक्यावरून आणायचे. पण आमचे आजोबा मुंबईला मशीद बंदरात हमाली करायचे. ते शिमग्याला येत, आवणीला येत, मधल्या दिवसांत घरात बाप्या माणूस नाही. मामा तान्हा. मग आजीने थोरल्या पोरीच्या कमरेला कोयता बांधला.

“कोयता आकडीत अडकवून वर जायची बघ, खारीवानी,” मावशी म्हणाली. “गावची माणसं नावं ठिवायची. पोरीच्या जातीनं झाडावं चढू नये म्हनायची. तुझी आजी म्हनायची, मग तुमी चढा. कोन येत नव्हतं.”

मावशीने मग आणखी एक गोष्ट सांगितली. फांद्या उतरवताना झाडाचा शेंडा राखायचा. शेंडा तुटला तर झाड खचतं, पुढच्या वर्षी कवळं मिळत नाहीत. एका वाडीतल्या माणसाने आमच्या वाट्याचा ऐन शेंड्यासकट छाटला होता. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची. ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि झाड मोजून द्या म्हणाली. त्याने हसून घालवलं. ती दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या दिवशी परत. शेवटी त्याने आपल्या वाट्यातला एक ऐन तोडायला दिला.

भोरच्या आमच्या परसात एक शेवगा होता. दरवर्षी शेंगांचा मोसम संपला की माणूस बोलावून तो छाटून घेत. आई दरवर्षी खाली उभी राहून ओरडायची, “शेंडा ठेव रे, शेंडा ठेव.” आम्हाला वाटायचं ही तिची एक सवय आहे, गॅसची टाकी बंद आहे की नाही हे दोनदा बघण्यासारखी. तिने सवयीचं कारण कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. मुलं आईच्या सवयींसोबत वाढतात, पण त्या कुठून आल्या हे त्यांना शोधावंसं वाटत नाही. आई आपल्या जन्माबरोबरच सुरू झाली असं आपण मनात धरून चाललेलो असतो.

जुनं घर मी आठवत होते त्यापेक्षा फार लहान होतं. पुढची भिंत विटांची, ती मामाने नंतर बांधलेली. मागच्या खोलीला अजून कूड होता, कारवीच्या काठ्या उभ्या बांधून शेणामातीने लिंपलेला. एका कोपऱ्यात लिंपण गळून पडलं होतं आणि काठ्यांच्या फटींतून परसातलं ऊन आत येत होतं. मामेबहिणीने मला ओट्यावर बसवून फोटो काढला. ती पुण्यात नोकरी करते, घर पाडायच्या आधी सगळे कोपरे टिपून ठेवायचे हे तिनेच मनावर घेतलं आहे. फोटो नातेवाइकांच्या गटावर टाकायचा होता. “ताई, याखाली काय लिहू?” तिने विचारलं. मी सहज म्हटलं, लिही, आईचं माहेर, बऱ्याच वर्षांनी. तिने ते लिहिलं, वाचलं आणि पुसून टाकलं. “हे कुणीही कुठल्याही गावाच्या फोटोखाली लिहील,” ती म्हणाली. तिचं खरं होतं.

संध्याकाळी आम्ही चुलत आजीकडे गेलो. आईची ती चुलती, पंच्याऐंशीच्या घरातली. कानाला कमी येतं, पण जुनं सगळं लख्ख. मी तिच्याजवळ बसून मोठ्याने विचारलं, आजी, माझी आई नेमकी कधी झाली? ती जराही थांबली नाही. “पानशेत फुटलं तवा तुज्या आयची पाचवी व्हती.”

पानशेत याच तालुक्यातलं, पण डोंगरापलीकडे आंबी नदीवर. तिथलं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. कानंद खोऱ्यात त्याचा एक थेंबही आला नाही. पण बातमी आली. चुलत आजी तेव्हा नवी नवरी होती. ते वर्ष धोंड्याचं होतं, ती सांगत होती. म्हणजे अधिक महिन्याचं. धोंड्याला ती आणि चुलत आजोबा तिच्या माहेरी गेले होते, चांदीचं भांडं मिळालं होतं. तिथून परत आली तर इथे पाऊस लागलेला आणि चिखलणी सुरू. थोरल्या जावेचे दिवस भरलेले, तरी ती रोप उपटायला जात होती. मग पोरगी झाली. पाचवीला पाटा मांडला, तेव्हा बैल गोठ्यातच होते हे तिला पक्कं आठवत होतं, कारण अवस होती आणि अवसेला औत जुंपत नाहीत. पुरुष माणसं घरी, म्हणून पूजेला गर्दी. आणि दुसऱ्या दिवशी वेल्ह्याहून आलेल्या माणसाने सांगितलं, काल धरण फुटलं, पुणं वाहून गेलं.

मामेबहिणीने मोबाइलवर शोधलं. पानशेत फुटलं ते १२ जुलै १९६१ ला, बुधवारी. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता. आणि १२ जुलैला अमावास्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईने कुठलीही तारीख न सांगता तीन खुणा सांगितल्या होत्या, धोंड्याचं वर्ष, अवस आणि धरण, आणि तिन्ही एकमेकींना तंतोतंत जुळत होत्या. खेड्यातल्या माणसाची आठवण कच्ची असते असं शहरात मानतात. मला उलट वाटतं. ती तारखेवर टांगलेली नसते, म्हणून टिकते. बैल, रोप, पाऊस, नवं लग्न, अशा चार खुंट्यांना ती बांधलेली असते. एक खुंटी निखळली तरी बाकीच्या तिला धरून ठेवतात.

तरी एक-दोन दिवसांची गोम उरलीच. पाचवी मोजताना जन्माचा दिवस धरायचा की सोडायचा? बाळ रात्री झालं असेल तर? गावात उजाडेपर्यंत आदलाच दिवस चालू असतो. म्हणजे आईचा जन्म शुक्रवारचा, शनिवारचा की रविवारचा, हे चुलत आजीलाही सांगता येईना. ती म्हणाली, “वार नगं इचारू. पाऊस व्हता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने मला शाळेत नेलं. सुट्टी लागलेली होती, पण निकालाच्या कामासाठी बाई आल्या होत्या. शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. हजेरीपुस्तकं काही वर्षांनी रद्दीत जातात, पण हे कायमचं जपायचं असतं, कारण त्यावरूनच शाळा सोडल्याचा दाखला देतात. बाईंनी कपाटातून लाल कापडी बांधणीचं जुनं रजिस्टर काढलं. पानांच्या कडा वाळवीने कुरतडलेल्या, शाई तपकिरी पडलेली. आईचं लग्नाआधीचं नाव मी कागदावर पहिल्यांदाच पाहत होते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि त्यानंतर ते जुनं नाव फक्त या खोऱ्यात राहिलं. ओळीत पुढे एकामागून एक रकाने. जन्मठिकाण. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, एक जून एकोणीसशे साठ. म्हणजे गुरुजींनी तिला वर्षभर थोरली केली होती; पट भरायचा असेल, किंवा तिचा हात कानापर्यंत पोहोचला असेल. प्रवेश, जून १९६६, इयत्ता पहिली. प्रगती, बरी. वर्तणूक, चांगली. शाळा सोडली तेव्हाची इयत्ता, तिसरी. आणि कारणाच्या रकान्यात दोन शब्द, सतत गैरहजर.

मी ते बोटाने दाखवलं. मामाने चष्मा नाकावर सरकवून वाचलं आणि तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. मला वाटलं, तंबाखू मळायला गेला. थोड्या वेळाने मी गेले तेव्हा तो हातातल्या हातात टोपी फिरवत होता.

“ती गैरहजर नव्हती,” तो म्हणाला.

त्याने सांगितलं ते त्याला स्वतःला आठवणं शक्य नव्हतं. आजीने त्याला तो मोठा झाल्यावर सांगितलं होतं. आई तिसरीत गेली तेव्हा तो झाला. आजी शेतावर, त्याला सांभाळायला कोणी नाही. आई त्याला कडेवर घेऊनच शाळेत यायची. तेव्हा शाळा देवळाशेजारच्या एका कुडाच्या खोलीत भरायची. तो रडला की वर्ग थांबायचा. गुरुजी वाईट नव्हते, पण एका खोलीत चार इयत्ता. ते म्हणायचे, बाळाला जरा बाहेर घेऊन जा. मग ती कुडाच्या भिंतीला लागून बाहेर बसायची. आत पाढे चालायचे. बे एके बे झालं, तीसापर्यंतचे झाले, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. आतल्या मुलांनी एक ओळ म्हटली की ती बाहेर बाळाला मांडीवर हलवत तीच ओळ म्हणायची. हजेरी मात्र आत घ्यायचे. बाहेर बसलेलीची हजेरी कोण मांडणार? बरेच दिवस असं चाललं आणि मग एक दिवस नाव कमी झालं. त्यानंतरही ती काही महिने त्या भिंतीशी येऊन बसत होती.

मामा एवढं बोलला आणि रस्त्याकडे बघायला लागला. त्याच्या वयाच्या माणसाला काय म्हणायचं असतं अशा वेळी ते मला सुचलं नाही. मी त्याच्या शेजारी उभी राहिले.

आमची आई वर्तमानपत्र अजूनही बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत वाचते. फॉर्म भरायचा असला की आम्हाला बोलावते. पण भाजीवाल्याकडे पावणेतीन किलो कांदे घेतले तर तो मोबाइलवर गुणाकार करेपर्यंत तिने पैसे मोजून हातात ठेवलेले असतात. “पाऊणकी येते मला,” एवढंच ती सांगायची. वाचायला अडखळणाऱ्या बाईला पाऊणकी कशी येते, हा प्रश्न आम्हा शिकलेल्या मुलांना कधी पडला नाही. पाढे कानांनी शिकता येतात आणि अक्षरं डोळ्यांनीच शिकावी लागतात. भिंतीपलीकडून तिच्यापर्यंत येत होता फक्त आवाज. फळा तिला दिसत नव्हता.

दुपारी घर रिकामं करायला सुरुवात झाली. मुसळ, इरल्याचा सांगाडा, कणग्या निघाल्या. जातं मात्र दोघांनी मिळूनही जागचं हलेना. मावशी येऊन उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, नीट उचला, त्यावर आम्ही रातीच्या राती काढल्यात. जात्याची वरची पाळ मामाने बाजूला सारली, खाली माकणी दिसली, लाकडाची, झिजलेली. मावशीने तळीवरून हात फिरवला. “टाकी मोडली हाय याची,” ती म्हणाली. दगडाला टाकीने घातलेले टोचे गुळगुळीत झाले की पीठ भरड पडतं आणि गरम येतं. मग टाकीवाला बोलवावा लागे. नाचणी दळायची तर टाकी ताजी हवी.

पहाटे अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या, एका खुंट्याला दोघींचा हात. एक वैरण घालायची, दुसरी ओढायची. आणि गायच्या. ओवीची पहिली ओळ एकीने उचलायची, दुसरीने पुरी करायची. आई गायची हेही मला नवं होतं. भोरला आमच्या घरी गिरणीतून पीठ यायचं. घरात दळण नव्हतं, म्हणून दळणाचं गाणंही नव्हतं. मावशी म्हणाली, तुझी आय नव्या वव्या जुळवायची. भावावर, ऐनावर, मुंबईच्या बापावर.

याच डोंगरी भागात हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं वाडीवाडीवर जाऊन, त्यांच्याबरोबर बसून. तो संग्रह पुढे एक लाखाच्या वर गेला आणि आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ओव्या कोणालाही ऐकता येतात, गाणारणीच्या आणि तिच्या गावाच्या नावासकट. मी ते ऐकलं आहे, त्यावर एकदा लिहिलंही आहे. ऐकताना या बायकांमध्ये माझी आई असू शकली असती हे माझ्या मनात आलं नव्हतं. ते काम सुरू झालं तोवर तिचं लग्न होऊन गेलं होतं, आणि भोरच्या चाळीत तिच्याकडे ओवी मागायला कोण येणार? ओवी जात्याशी राहते. जातं सुटलं की बाईकडे ओवी असूनही ती तिच्या तोंडी येत नाही. तिचे हात कशालातरी गुंतलेले असावे लागतात.

“एखादी म्हण ना मावशी, आईची,” मी म्हटलं. मावशीने रिकाम्या जात्याचा खुंटा धरला. पहिली ओळ म्हटली, दगड थोडा फिरला, आणि ती थांबली. “पुढली तिची हाय,” ती म्हणाली. “मला नाय येत. मी कधी म्हटलीच न्हाय ती.”

मामेबहिणीने तेवढ्यात आईला फोन लावला होता. घराच्या मागे, सागाच्या झाडाखाली उभं राहिलं की रेंज मिळते, म्हणून आम्ही सगळे मावशीला घेऊन तिकडे गेलो. व्हिडिओवर आईचा चेहरा आला, निम्मा, कारण ती मोबाइल नेहमी कपाळाकडे धरते. मावशीला बघून ती आधी काहीच बोलली नाही. मग दोघी एकदम बोलायला लागल्या आणि कोणाचंच काही कळेना. ओवी विचारायची राहूनच गेली. मी मधे घुसून पाचवीचं सांगितलं, पानशेतचं, अवसेचं. शुक्रवार, शनिवार की रविवार एवढंच उरलंय म्हटलं.

“शनवार,” आई लगेच म्हणाली. “आई चिडली की मला शनवारची म्हणायची. शनवारची कारटी, ऐकायची नाहीस तू.”

म्हणजे ८ जुलै. अवसेचा बुधवार पाचवा दिवस धरला की बरोबर शनिवार येतो. मी तिला ते सांगितलं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती मामाला विचारत होती, राब कोणत्या टोकाकडून पेटवलास, बांधावरचा ऐन आहे का अजून, हिरड्याखालच्या खाचरात यंदा काय लावणार. मामा एकेक उत्तर देत होता, शाळेतल्या मुलासारखा हात मागे बांधून.

“आत्या,” मामेबहिणीने मधेच विचारलं, “कालचा फोटो पाठवलाय बघ तुला. त्याच्याखाली काय लिहू?”

आईने फोटो उघडला असावा, कारण पडद्यावर तिचं छत दिसायला लागलं. बराच वेळ लागला. मग तिचा आवाज आला, “यात हिरड्याखालचं खाचर कुठाय?”

“ते मागं आहे आत्या, ताईच्या पाठीमागं. झाकलं गेलं.”

“मग काय लिहिणार त्याच्याखाली? दुसरा काढ. सकाळी काढ, ऊन तोरण्याकडं असतंय तवा. आणि हिला म्हणावं, जरा बाजूला बस.”